इसबगोलाचे लाडू

माझी थोरली मुलगी धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात जन्मली, तेव्हा घरात कुणाला फारसा आनंद झाल्याचं मला आठवत नाही. आनंद झाला तो त्यानंतर दहाबारा दिवसांनी आणि भलत्याच कारणानं. ते कारण चारचौघांत सांगण्यासारखं नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं. आता माझ्यावर डोळे वटारणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून सांगते.

निजामाचं राज्य होतं. गावाचं नाव सरकारदरबारी उस्मानाबाद आणि घरात धाराशिव. माझे वडील अदालतीत कारकून होते; दिवसभर उर्दूत लिहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन मराठीत चिडायचे. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू असल्यामुळं रॉकेल, कापड, साखर सगळंच कंट्रोलवर होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मी आईवडिलांकडं आले होते. या सगळ्या प्रकरणाशी ज्यांचा सर्वांत जवळचा संबंध, ते माझे यजमान औरंगाबादला मास्तर होते आणि पत्रानं ख्यालीखुशाली विचारत होते.

घरीच बाळंत करायचं असं ठरलं होतं, पण मूल मोठं होतं. सुईणीनं हात टेकले तेव्हा मला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण हैदराबादची, वयानं माझ्याहून फार मोठी नसेल, मराठी बोलायची ती दख्खनी वळणाची. तिनं मूल सुखरूप बाहेर काढलं. मला खाली बरंच फाटलं होतं, तिथं टाके घातले आणि काही दिवसांनी घरी सोडलं. निघताना तिनं काय काय सांगितलं, ते आईनं मान डोलवत ऐकून घेतलं. आई कुणाचंही मान डोलवतच ऐकायची.

टाके हा शब्द आमच्या घरात तोवर फक्त वाकळेच्या संदर्भात ऐकला होता. वाकळेचा एक दोरा तुटला की आख्खी ओळ उसवत जाते, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यात आईनं पहिल्याच दिवशी बजावलं की खोकू नको, हसू नको, जोर तर मुळीच करू नको. हसण्यासारखं तिथं काही नव्हतंच. पण जोर न करता परसाकडं कसं जायचं, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की टाके सुकेपर्यंत जायचंच नाही. इच्छा झाली की दात आवळून पडून राहायचं आणि पुन्हा होऊ नये म्हणून दोन घास कमी खायचे. असं दोनतीनदा केलं, तशी इच्छा व्हायचीच थांबली, आणि मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात ईटहून, म्हणजे माझ्या सासरच्या गावाहून, सासूबाई आल्या. त्या खरं तर बारशाला यायच्या, पण सुनेला माहेरचे लोक नीट जपत नाहीत अशी त्यांना दूर ईटमध्ये बसून खात्री पटली होती. बैलगाडीनं सडकेपर्यंत आणि पुढं कोळशावर चालणाऱ्या सर्विस मोटारीनं, असा प्रवास करून त्या काळ्याठिक्कर तोंडानं उतरल्या. बरोबर बाजरी, डिंक, खोबरं, लसूण, गावरान तुपाचा डबा आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंक त्यांनी माझ्याच खोलीत, माझ्या बाजेच्या पायथ्याशी ठेवली. त्यांनी बाळाचं तोंड बघितलं, नाक सुनेवर गेलंय म्हणाल्या, आणि पदर खोचला.

बाळंतिणीची खोली म्हणजे खिडकीला गोधडी, दाराला पडदा, बाजेखाली शेगडी आणि शेगडीत ओवा-शेपा. त्या अंधारात माझं लक्ष जायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी मुंग्या बघायची. उंबऱ्याखालून मुंग्यांची एक रांग निघायची, भिंतीच्या कडेनं सासूबाईंच्या ट्रंकेपर्यंत जायची आणि तिथंच अडायची. ट्रंकेत काय आहे ते मला कळायला वेळ लागला नाही. आईनं मला नंतर हळूच सांगितलंच. सासूबाई वर्षभर घरातल्या वाट्याची साखर वाचवत होत्या. नातू झाला की सगळ्या आळीत साखर वाटायची, असा त्यांचा बेत होता. नात झाल्याचा निरोप गेला आणि साखर पुरचुंडीतच राहिली; मागं ठेवली तर संपेल म्हणून ट्रंकेतून त्यांच्याबरोबर आली. बायांनी विचारलंच तर, कंट्रोलवर कुठली साखर, असं उत्तर ठरलेलं होतं. ते मुंग्या सोडून सगळ्यांना पटलं होतं.

त्या खोलीत सासूबाईंचं फर्मान चाले. बाळंतिणीला पाणी नाही, हे पहिलं कलम. पाणी प्यायलं की अंग सुटतं, पोट सुटतं, बाळाला सर्दी होते. ओवा टाकून उकळलेलं, आटवून आटवून वाटीभर उरलेलं पाणी दिवसाला मिळायचं. तेही सासूबाई समोर उभ्या राहून पाजायच्या, वाटी रिकामी झाल्याची खात्री करायच्या आणि दुसरी मागायची सोय ठेवायच्या नाहीत. पालेभाजी वातुळ, फळ थंड, वरण जड. मग उरलं काय, तर बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, सुकं खोबरं, तूप आणि डिंकाचे लाडू. सगळं पौष्टिक आणि सगळं कोरडं ठणठणीत. मुलगी अंगावर प्यायला लागली की माझ्या घशाला अशी कोरड पडायची की मी मोरीतल्या घंगाळाकडं बघत बसायची. पण आई म्हणायची, रीत आहे. आणि सासूबाई म्हणायच्या, आमी समदे असेच वाढलो.

चारपाच दिवस गेले तसं सगळ्यांच्या लक्षात आलं की मी जात नाही. मग घरात एक नवी भाषा सुरू झाली. आई विचारायची, झालं का. सासूबाई विचारायच्या, पोट हाललं का. वडील अदालतीत जाताना पडद्याबाहेर उभे राहून खाकरायचे आणि आईला विचारायचे, काही तारीख पडली का. खरा शब्द कुणीच उच्चारत नव्हतं. शेजारच्या बाया बाळ बघायला येत, बाळाकडं ओझरतं बघत आणि आईला बाजूला घेऊन कुजबुजत. मुलीचं नाव काय ठेवणार हे एकीनंही विचारलं नाही. माझ्या पोटाची मात्र आळीत घरोघर चौकशी होती.

मला आता खरंच त्रास होऊ लागला होता. पोट फुगलं होतं, कंबर दुखत होती, बाळ पोटावर घेतलं तरी कळ यायची. जायचं म्हटलं तर खाली आधीच ठणका, आणि वर वाकळेचा दोरा डोळ्यांपुढं. माझी सोय आतल्याच मोरीत पडद्याआड केली होती; दोनदा तिथं जाऊन बसले आणि दोन्ही वेळा भिंत धरून रडून परत आले. मी फाटून मरणार, अशी माझी पक्की समजूत झाली होती. एकोणीस वर्षांच्या मुलीला असं वाटण्यात हसण्यासारखं काही नाही, आणि आजही मला त्यावर हसू येत नाही.

सुईण येऊन बघून गेली. वाटीभर एरंडेल पाजा, धुऊन निघेल, असं तिनं सुचवलं. सासूबाईंना ते पटलं. वडिलांना मात्र धीर धरवेना. ते अदालतीतून परस्पर दवाखान्यात गेले. तिथं त्यांनी डॉक्टरणीला काय सांगितलं असेल ते देव जाणे, कारण परक्या बाईपुढं तो विषय काढणं त्यांच्या जिवावर आलं असणार. मिजाज ठीक नाही, एवढंच म्हणाले, असं नंतर कळलं. पण ती समजायचं ते समजली. तिनं एरंडेलाला साफ नाही सांगितलं. ओल्या बाळंतिणीला असला जोरकस जुलाब नको, कळा येतील, अंगातलं पाणी जाईल. अत्ताराच्या जडीबुटीच्या दुकानातनं इसबगोल न्या, मोठा चमचाभर, तांब्याभर कोमट पाण्यात, ढवळून लगेच प्यायचा, वरून आणखी पाणी, आणि दिवसभर पाणी.

वडिलांनी इसबगोलाची पुडी आणली आणि पडद्याबाहेर उभं राहून अदालतीचा हुकूम वाचून दाखवावा तसं सगळं शब्दन्‌शब्द सांगितलं. मग आत दोघी विहिणींची मसलत बसली. इसबगोल अत्ताराकडचा, जुना, ओळखीचा. त्याला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती पाण्याला. डॉक्टरणीचा मान राहिला पाहिजे आणि रीतही मोडता कामा नये. एरवी एकमेकींचं मीठसुद्धा न पटणाऱ्या त्या दोघींनी त्या दिवशी जो तोडगा काढला, तसा एकोपा मी नंतर त्यांच्यात कधी पाहिला नाही. त्यांनी इसबगोलाचे लाडू बांधले.

तुपात डिंक तळला, खोबरं भाजलं, गुळाचा पाक केला आणि त्यात सगळी पुडी रिकामी केली. लाडू दिसायला सुरेख होते. सासूबाईंनी सकाळी एक, संध्याकाळी एक असे माझ्यासमोर बसून खाऊ घातले, वर ओव्याच्या पाण्याचे दोन घोट. डॉक्टरणीचं औषध पोटात गेलं म्हणून वडील खूश, पाणी गेलं नाही म्हणून सासूबाई खूश, भांडण झालं नाही म्हणून आई खूश. निदान दोन दिवस घरात समाधान नांदलं. माझ्या पोटात मात्र कुणीतरी ओली कणीक भरून ती वाळत ठेवल्यासारखं वाटत होतं. पोट नगाऱ्यासारखं ताणलं, उमासे यायला लागले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी रडत असताना मला तिला उचलून घ्यायलाही वाकता येईना.

सासूबाईंनी सुईणीला निरोप धाडला आणि एरंडेल कोमट करायला ठेवलं. ते मी शेगडीच्या उजेडात बघितलं. मी आईचा हात धरून म्हणाले की मला हे पाजू नका, मला डॉक्टरणीकडं न्या, नाहीतर मी मरेन.  आईनं मान डोलवली, पण या खेपेला वेगळी डोलवली. अंगावर शाल घेतली आणि बाहेर पडली. माझी आई देवळापलीकडं एकटी कधी गेली नव्हती. ती भर सकाळी बाजारातनं, वडिलांच्या अदालतीसमोरनं चालत दवाखान्यात गेली आणि डॉक्टरणीला टांग्यात बसवून घेऊन आली.

डॉक्टरणीनं आल्या आल्या खिडकीची गोधडी काढली. उजेड आला तशा आम्ही सगळ्या डोळे चोळायला लागलो. तिनं माझं पोट दाबून पाहिलं, पडदा ओढून टाके पाहिले आणि मग शांतपणे विचारलं की इसबगोल कशात घेतला. सासूबाईंनी आईकडं बघितलं, आईनं शेगडीकडं. शेवटी मीच ताटलीतल्या लाडवाकडं बोट दाखवलं. तिनं लाडू हातात घेऊन उलटसुलट केला. एवढं शिकलेली बाई, पण असलं औषध तिनं पाहिलं नव्हतं.

तिनं पेलाभर पाणी मागवलं, लाडू कुस्करून त्यात टाकला आणि पेला सगळ्यांना दिसेल असा ट्रंकेवर ठेवला. माझी नाडी बघून होईतो पेल्यात खळीसारखा बुळबुळीत गोळा फुगून वर आला होता. ती म्हणाली, "अम्मा, हे पाणी पिणारच. वरून नै दिलं तर हिच्या आतलं पिईल. मग आत दगड नै होणार तर काय?"

सासूबाई हटणाऱ्या नव्हत्या. बाळंतिणीला पाणी दिलं तर बाळाला बाधतं, हे त्यांनी ठासून सांगितलं. डॉक्टरणीनं वाद घातला नाही. तिनं विचारलं की तुमच्याकडं म्हैस आहे का. सासूबाई म्हणाल्या, दोन हायत. व्याल्यावर तिला काय देता, असं विचारल्यावर सासूबाईंचा चेहरा उजळला. हा त्यांचा प्रांत होता. बादलीभर कोमट पाणी, त्यात गूळ, बाजरीची पातळ आंबील आणि ओली वैरण, असं सगळं त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. पाणी तोडलं तर काय होतं, असं तिनं विचारलं.

"पाणी तोडलं तर म्हैस आटती की," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांची नजर ओव्याच्या पाण्याच्या वाटीवर गेली.

ईटच्या आमच्या गोठ्यातल्या म्हशीला जे मिळत होतं ते मलाही मिळावं, असं त्या दिवशी ठरलं. हा माझा बढतीचा दिवस होता असं मी मानते.

डॉक्टरणीनं मग एकेक सांगितलं. अजून पक्कं अडकलेलं नाही, वाळलंय. इसबगोल तूर्त बंद. पोट मोकळं झाल्यावर पाण्यातून घ्यायचा, लाडवातून नाही. तिनं पिशवीतून मॅग्नेशियाची बाटली काढली, खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध. झोपताना ठरलेलं माप आणि वर पेलाभर पाणी. ते आतड्यातच राहतं, तिथं पाणी ओढून घेतं आणि वाळलेलं मऊ करतं. आईच्या दुधात ते बाळाला बाधेल असं उतरत नाही, बाळाला खुशाल पाजा. सासूबाईंनी हे दोनदा विचारून घेतलं. प्रत्येक वेळी बाळाला घेतलं की आधी पेलाभर पाणी, तहान लागेल तेवढं. मुगाचं पातळ वरण, मेथी, शेपू, भिजवलेल्या मनुका आणि ज्वारीची भाकरी. हे सगळं ऐकताना मला रडू येत होतं, कारण यातलं एकूणएक आमच्या घरात होतं.

टाके उसवतील, मी म्हणाले. तेवढंच मला विचारायचं होतं. ती माझ्याजवळ बसली. म्हणाली, "बेटी, मी घातलेत. पक्के आहेत, सुकत आलेत. शौचाला गेल्यानं टाके सुटत नै." शौच हा शब्द त्या घरात आठवडाभरात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला गेला. टांगा बघून अदालतीतून मागोमाग आलेले वडील बाहेर खाकरले. तिनं सांगितलं की धुतलेल्या मऊ फडक्याची घडी करायची, टाक्यांवर तळहातानं हलकेच धरायची, पुढं झुकून बसायचं, श्वास कोंडायचा नाही आणि कुंथायचं नाही. सकाळी गरम काही प्यायलं की इच्छा होईल. झाली की लगेच जायचं, धरून ठेवायचं नाही. धरून ठेवलंस म्हणून वाळलं, असंही ती म्हणाली. इतके दिवस मी जिंकत होते ते कशावर, ते मला तेव्हा कळलं.

ती गेल्यावर सासूबाईंनी एरंडेल दिव्यासाठी बाजूला काढून ठेवलं. मग स्वतः पाण्याचा तांब्या भरून आणला आणि माझ्या उशाशी ठेवला. मी तो एका दमात अर्धा केला. त्या बघत उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या की त्यांच्या थोरल्याच्या वेळी त्यांना पाणी मिळालं नव्हतं आणि त्यांनी बाळाची दुपटी धुवायच्या बादलीतलं ओंजळभर प्यायलं होतं.  मी तांब्या त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो भरून आणायला नेला.

त्या दिवसभर आणि दुसऱ्या दिवशीही पाणी, वरण, मनुका आणि झोपताना पांढरं औषध असं चाललं. औषधानं ताबडतोब काही झालं नाही, म्हणून वडील तेवढ्यात दोनदा खाकरून गेले. त्यानंतरच्या सकाळी कोमट पाणी प्यायले आणि पोटात हालचाल झाली. जुनी सवय म्हणून मी दात आवळले, मग ते सोडले आणि आईनं उकळून वाळवलेलं फडकं घेऊन मोरीकडं गेले.  मला अजूनही आपण फाटणार असंच वाटत होतं. फळ्यावर गणित बरोबर दिसलं तरी परीक्षेची भीती कुठं जाते.

पडद्याबाहेर बांगड्या वाजल्या. सासूबाई होत्या.

"जोर करू नगं," त्या म्हणाल्या. "सावकाश व्हऊ दे. म्या हाय हितं."

मी पुढं झुकले, फडकं धरलं, श्वास सोडत राहिले. दुखलं. पण फाटण्यासारखं नव्हे, नुसतं दुखलं, आणि मग संपलं. हात लावून पाहिलं, टाके जिथल्या तिथं होते. मी तिथंच बसून हुंदके देऊन रडले. बाहेर सासूबाईंना वाटलं की काही तरी झालं. त्या घाबरून हाका मारायला लागल्या. झालं, एवढंच मला बोलता आलं.

त्यानंतरचा गोंधळ मी बाजेवर पडून ऐकला. आई देवापुढं गेली. वडील त्या दिवशी अदालतीत उशिरा गेले, ही गोष्ट त्यांच्या नोकरीत पूर्वी घडली नव्हती. आणि सासूबाई थेट माझ्या खोलीत आल्या, ट्रंकेचं झाकण उघडलं आणि वर्षभर जपलेली साखरेची पुरचुंडी बाहेर काढली. तिला मुंग्या लागल्या होत्या. त्यांनी ती सुपात पाखडली आणि वाटीनं मोजायच्या भानगडीत न पडता ताटात ओतली. आनंद झाला की साखर वाटायची एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि इतका आनंद त्यांना त्या घरात आल्यापासून झाला नव्हता.

ताट घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. आळीतल्या बाया जमल्या, पलीकडच्या गल्लीतल्या खालाही बुरखा सावरत आल्या. चिमूटचिमूट साखर हातावर पडली, आणि कुणीतरी विचारलं की आज कशाची साखर.

सासूबाई गडबडल्या. खरं कारण सांगायला लागणारा शब्द त्यांनी जन्मात चारचौघांत उच्चारला नव्हता. ताट हातात, बाया समोर, साखर तळहातावर. मी आत कान देऊन ऐकत होते.

"नात झाली न्हाय का मला," त्या म्हणाल्या. "तिची हाय."

खाला म्हणाल्या की मुबारक हो. मग दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली, आणि मुलीचं नाव काय ठेवणार असं कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं. माझ्या कुशीत ती पीत होती. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं की बाई गं, तुझी साखर आली. आणि मग तांब्या उचलून पाणी प्यायले.